बी-ट्रीत नोड फुटतो आणि तिथेच मार्क जातात: नेमकं काय चुकतं, कसं ओळखायचं

दर सेमिस्टरला निकालानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स येतात. मी सोलापुरात चादरी-टॉवेलच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे बिलिंगचा डेटाबेस सांभाळतो आणि संध्याकाळी जुळे सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना डेटाबेस शिकवतो. यंदाही एक मुलगी झेरॉक्स घेऊन आली. म्हणाली, "सर, बी-ट्री पूर्ण काढलीय, सगळे आकडे आहेत, तरी सातपैकी तीनच मार्क. आणि इंडेक्ससाठी बी-ट्री का वापरतात, यालाही चारपैकी एकच."

तिची उत्तरपत्रिका मी ओळीने तपासली. चूक तीच होती, जी आधीच्या दोन-तीन बॅचमध्ये पाहिली आहे. आकडा कोणत्या नोडमध्ये जाणार हे सगळ्यांना बरोबर समजतं. गडबड होते ती भरलेला नोड फोडताना. पुढचं 'का वापरतात' हे उत्तर लंगडं पडतं, त्याचंही मूळ तिथेच आहे. म्हणून दोन्ही एकत्र सांगतो.

एक खुलासा आधी करतो. नोडमधल्या 'की'ला मी इथे आकडा म्हणेन आणि खालच्या नोडकडे जाणाऱ्या पॉइंटरला फांदी. 'पान' हा शब्द टाळेन, कारण मराठीत तो लीफलाही चालतो आणि डिस्कवरच्या पेजलाही, आणि या विषयात दोन्ही येतात.

आकडे टाकायच्या आधीच होणारी चूक

प्रश्नात 'ऑर्डर 5' असं लिहिलेलं असतं. याचा रूढ अर्थ असा की एका नोडला जास्तीत जास्त 5 फांद्या, म्हणजे जास्तीत जास्त 4 आकडे. रूट सोडला तर प्रत्येक नोडमध्ये किमान 2 आकडे हवेत. माझ्याकडे आलेल्या झेरॉक्सपैकी काहींत पोरांनी नोडमध्ये पाच आकडे बसू दिलेले असतात, आणि मग पहिल्या फोडीपासूनच झाड वेगळं होत जातं.

यात पोरांचा पूर्ण दोष नाही. बायर आणि मॅक्रेट यांनी बोइंगच्या संशोधन विभागात ही रचना तयार केली. 1972 साली छापलेल्या त्यांच्या लेखात ऑर्डर k म्हणजे नोडमध्ये किमान k आणि कमाल 2k आकडे. म्हणजे आपण जिला ऑर्डर 5 म्हणतो, ती त्यांच्या भाषेत ऑर्डर 2. आणखी काही पुस्तकांत किमान डिग्री t धरतात आणि कमाल आकडे 2t − 1 असतात. तीन व्याख्या आणि तीन वेगळी झाडं. म्हणून उत्तराची पहिली ओळ हीच लिहा: "ऑर्डर 5 म्हणजे नोडमध्ये कमाल 4 आकडे, किमान 2 (रूट सोडून), असे धरले आहे." तपासणाऱ्याला तुम्ही कोणत्या वाटेने गेलात ते लगेच दिसतं.

एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू

क्रम असा धरा: 40, 15, 60, 25, 30, 75, 50, 90, 10, 20, 5, 80, 95, 70, 45, 35, 55. एकूण 17 आकडे, ऑर्डर 5.

पहिले चार एकाच नोडमध्ये चढत्या क्रमाने बसतात: 15, 25, 40, 60. नोड भरला. आता 30 आला.

इथेच आधीच्या बॅचमधल्या एका मुलाने नोड आधी फोडला आणि 30 नंतर टाकला. चार आकड्यांना मधला आकडाच नसतो, म्हणून त्याने 40 वर नेला. डावीकडे 15, 25 आणि उजवीकडे एकटा 60 उरला. मग 30 डावीकडे टाकला. झाड चढत्या क्रमात वाचता येतं, दिसायलाही नीट दिसतं. पण उजव्या नोडमध्ये एकच आकडा आहे आणि किमान 2 हवेत. 40 ऐवजी 25 वर नेला असता तर 15 एकटा पडला असता. ऑर्डर विषम असेल तेव्हा आधी फोडण्याचा मार्ग असा दोन्ही बाजूंनी अडू शकतो.

योग्य रीत अशी: नवा आकडा आधी त्याच्या जागी बसवायचा, नोड क्षणभर पाच आकड्यांचा होऊ द्यायचा, आणि मग मधला म्हणजे तिसरा आकडा वर पाठवायचा. हा पाच आकड्यांचा तात्पुरता नोड रफमध्ये न करता उत्तरपत्रिकेवरच लिहा. पायरीचे मार्क इथे मिळतात.

```
15 25 [30] 40 60

        30
      /    \
  15 25    40 60
```

इथे नुकता आलेला 30 स्वतःच वर गेला. यावरून काही पोरं असा नियम बांधतात की नवा आकडा नेहमी वर जातो. पुढच्याच फोडीत तो नियम मोडतो. 75 आणि 50 उजवीकडे जातात, नोड 40, 50, 60, 75 असा भरतो. 90 आल्यावर 40, 50, 60, 75, 90 होतात आणि मधला 60 वर जातो. 90 खालीच राहतो. वर कोण जाणार हे नव्या-जुन्यावर ठरत नाही, पाचांत मधोमध कोण आहे यावर ठरतं.

दुसरी एक शंका इथेच निघते. 90 येताना शेजारच्या 15, 25 या नोडमध्ये जागा रिकामी होती, मग आकडा तिकडे सरकवून फोड टाळायची का? काही सुधारित प्रकारांत तसं करतात. पण प्रश्नात साधी बी-ट्री विचारली असेल तर भरलेला नोड फोडायचाच, शेजारी पाहायचं नाही.

पुढचे काही आकडे याच रीतीने जातात. 10 आणि 20 नंतर 5 आला की सगळ्यात डावा नोड 5, 10, 15, 20, 25 होतो आणि 15 वर जातो. 80 आणि 95 नंतर 70 आला की उजवा नोड 70, 75, 80, 90, 95 होतो आणि 80 वर जातो. 14 आकडे टाकून झाल्यावर झाड असं दिसतं:

```
            15   30   60   80
          /    |    |    |    \
       5 10  20 25 40 50 70 75 90 95
```

रूटमध्ये चार आकडे आहेत, म्हणजे तोही भरला. फांद्या पाच आहेत. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं.

खरे मार्क इथे जातात

45 आणि 35 मधल्या लीफमध्ये बसतात: 35, 40, 45, 50. शेवटचा 55 आला की ते 35, 40, 45, 50, 55 होतात. मधला 45 वर जातो, खाली 35, 40 आणि 50, 55 असे दोन लीफ उरतात. पण वर रूट आधीच भरलेला आहे. आता त्यात 15, 30, 45, 60, 80 असे पाच आकडे झाले आणि फांद्या सहा झाल्या. रूटही फोडावा लागतो आणि मधला म्हणून तोच 45 पुन्हा आणखी वर जातो.

मुलीच्या झेरॉक्सवर इथे दोन गोष्टी दिसल्या. तिने नवा रूट 45 केला, डावा नोड 15, 30 आणि उजवा 60, 80 केला, इतकं बरोबर. पण 35, 40 हा लीफ तिने थेट 45 खाली मधोमध लटकवला, जणू रूटला तीन फांद्या आहेत. हा लीफ '45 च्या जवळचा' वाटतो म्हणून असं होतं.

लीफच्या वरचा नोड फोडताना आकड्यांबरोबर फांद्याही वाटायच्या असतात, हेच राहून जातं. सहा फांद्या डावीकडून ओळीने मांडा:

```
5 10 | 20 25 | 35 40 | 50 55 | 70 75 | 90 95
     15      30      45      60      80
```

वर जाणाऱ्या 45 वर बोट ठेवा. त्याच्या डावीकडचं सगळं, म्हणजे 15, 30 आणि त्यांचे तीन लीफ, डाव्या नोडला जातं. उजवीकडचं सगळं उजव्या नोडला. 35, 40 हा 45 च्या डावीकडे आहे, म्हणून तो 30 ची उजवी फांदी होतो. 45 ची स्वतःची फांदी कुठेही उरत नाही. त्याच्या खाली फक्त दोन नवे नोड येतात.

```
                 45
            /          \
        15 30          60 80
       /  |  \        /  |  \
    5 10 20 25 35 40 50 55 70 75 90 95
```

झाडाची उंची दोनावरून तीन पातळ्या झाली आणि ती वरून वाढली. लीफ होते तिथेच, एकाच पातळीवर राहिले. हे वाक्य उत्तरात लिहून ठेवा, पुढच्या भागात कामी येतं.

दुसरी चूक अशी की 45 वर नेऊनही तिने तो 50, 55 च्या आधी खालीसुद्धा ठेवला. हा बी प्लस ट्रीचा नियम. बी प्लस ट्रीमध्ये लीफ फुटताना आकड्याची प्रत वर जाते आणि मूळ आकडा लीफमध्येच राहतो, कारण सगळी नोंद लीफमध्येच असावी लागते. लीफच्या वरचा नोड फुटताना मात्र तिथेही आकडा उचलूनच वर जातो, प्रत राहत नाही. साध्या बी-ट्रीत प्रत कधीच राहत नाही. दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात शिकवले की पोरं हे दोन नियम मिसळतात. मला वाटतं, वर्गात दोन्हीमध्ये काही दिवस जाऊ द्यायला हवेत.

चुकलं की नाही हे पेपरातच कसं कळेल

झाड काढून झाल्यावर दोन मिनिटं द्या. आधी आकडे मोजा. प्रश्नात 17 होते, झाडात 1 + 4 + 12 = 17 आहेत. 18 आले तर कुठेतरी प्रत राहिली, 16 आले तर वर नेलेला आकडा खालून काढला पण वर लिहायचा राहिला. मग लीफ सोडून प्रत्येक नोडच्या फांद्या मोजा. त्या आकड्यांपेक्षा बरोबर एकने जास्त हव्यात. मुलीच्या झाडात 45 एकटा होता आणि खाली तीन फांद्या होत्या, ही चूक या मोजणीत पाच सेकंदांत सापडली असती. शेवटी रूट सोडून कोणत्या नोडमध्ये 2 पेक्षा कमी आकडे आहेत का, ते पाहा. आधी फोडून नंतर टाकण्याची चूक तिथे उघडी पडते.

बरीच पोरं फक्त डावीकडून उजवीकडे वाचून चढता क्रम तपासतात आणि निर्धास्त होतात. त्या एका तपासणीत चुकीच्या मध्यापासून झालेली फोड सापडत नाही, कारण क्रम तर बरोबरच असतो.

ऑर्डर सम असेल तर

ऑर्डर 4 चा प्रश्न आला की दोन बरोबर उत्तरं असू शकतात, आणि पुनर्मूल्यांकनाचे बरेच वाद मला इथलेच दिसतात. नोडमध्ये 10, 20, 30 आहेत आणि 5 आला. चार आकडे झाले: 5, 10, 20, 30. मधला कोणता, दुसरा की तिसरा? दुसरा धरला तर 10 वर जातो, डावीकडे 5 आणि उजवीकडे 20, 30 राहतात. तिसरा धरला तर 20 वर जातो, डावीकडे 5, 10 आणि उजवीकडे 30. दोन्ही झाडं नियमात बसतात. सम ऑर्डरमध्ये आधी फोडून मग टाकण्याची रीतही चालते, कारण भरलेल्या नोडमध्ये तीन आकडे असतात आणि त्यांना खरा मध्य असतो. फक्त ती रीत धरली तर वरून खाली येताना वाटेत भेटणारा प्रत्येक भरलेला नोड फोडत यायचं.

फरक किती पडतो ते पाहा. 10 पासून 100 पर्यंत दहा-दहाच्या टप्प्याने दहा आकडे टाका. दर वेळी दुसरा आकडा वर नेला तर दहाव्या आकड्याला रूटही फुटतो आणि झाड तीन पातळ्यांचं होतं. तिसरा नेला तर त्याच दहा आकड्यांना दोनच पातळ्या पुरतात आणि रूटमध्ये 30, 60, 90 बसतात. तपासणाऱ्याच्या नमुना उत्तरात एक असेल आणि तुमचं दुसरं असेल, तर फोडीचा नियम लिहिल्याशिवाय त्यांना तुमचं बरोबर आहे हे कळायला वाट नाही. "चार आकडे झाल्यावर दुसरा आकडा वर नेला आहे" एवढी ओळ लिहा आणि पूर्ण उत्तरात तोच नियम पाळा. एका फोडीत दुसरा आणि पुढच्या फोडीत तिसरा केलात, तर तुम्ही ठरवलेला नियम तुम्हीच मोडता आणि मार्क जातात.

'डेटाबेस बी-ट्रीच का वापरतात' याचं उत्तर

जवळजवळ सगळे एकच ओळ लिहितात: शोध `O(log n)` मध्ये होतो. एवढ्यावर पूर्ण मार्क मिळणार नाहीत, कारण एव्हीएल ट्रीमध्येही शोध `O(log n)` मध्येच होतो. मग डेटाबेस ती का वापरत नाही? परीक्षकाला नेमकं हेच हवं असतं.

मी ज्या बिलिंगवर काम करतो त्याच धर्तीचं उदाहरण घेतो. समजा 10 लाख बिलं आहेत आणि बिल नंबरवर इंडेक्स आहे. दोन फांद्यांचं झाड कितीही समतोल असलं तरी 10 लाख आकड्यांना किमान 20 पातळ्या लागतात, कारण 2 चा 20 वा घात 10,48,576 आहे. हे झाड डिस्कवर असेल आणि प्रत्येक नोड वेगळ्या पेजवर पडला असेल, तर एक बिल शोधायला 20 पर्यंत पेज वाचावी लागतील. डेटाबेस डिस्कवरून हवे तेवढेच बाइट वाचत नाही, तो पूर्ण पेज वाचतो. पोस्टग्रेसमध्ये हे पेज 8 केबीचं असतं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये नेहमीच्या मांडणीत 16 केबीचं. एका नोडमध्ये एकच आकडा असेल तर वाचलेल्या 8 केबीतला बाकीचा भाग वायाच जातो. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. पेज डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंदांहून जास्त वेळ नुसता थांबण्यात जातो. डोकं सरकण्याचा वेळ त्यावर वेगळा.

आता नोडच पेजएवढा करा. आकडा 8 बाइट, नोंदीचा पत्ता 8 बाइट, फांदी 8 बाइट, असे 24 बाइट धरले तर 8 केबीच्या पेजवर, पेजच्या स्वतःच्या माहितीला जागा सोडून, 340 च्या आसपास फांद्या बसतात. सोयीसाठी ऑर्डर 340 धरा. रूट सोडून प्रत्येक नोडला किमान 170 फांद्या हव्यात. झाडाला चौथी पातळी यायची तर सगळे नोड अगदी किमान भरलेले धरले तरी सुमारे 2 × 170 × 170 × 170, म्हणजे 98 लाखांवर आकडे लागतात. आपल्याकडे 10 लाखच आहेत. म्हणजे झाड तीन पातळ्यांच्या वर जाऊच शकत नाही आणि कोणत्याही बिलाचा पत्ता जास्तीत जास्त तीन पेज वाचून सापडतो. त्यातला रूट तर बहुतेक वेळा मेमरीतच असतो. एसएसडीवर फेरीचा वेळ नसतो, पण डेटाबेस तिथेही पेज हेच एकक वाचतो, म्हणून हिशोब तसाच राहतो.

या हिशोबातली 'किमान 170' ही खात्री फोडीतूनच येते. भरलेला नोड मधोमध फुटतो म्हणून दोन्ही तुकडे किमान अर्धे भरलेले राहतात. झाड रूटकडून वाढतं म्हणून सगळे लीफ एकाच पातळीवर राहतात आणि कोणत्याही शोधाला झाडाच्या पातळ्यांपेक्षा जास्त पेज वाचावी लागत नाहीत. नवीन बिल आलं तर बहुतेक वेळा एकच पेज बदलतं. फोड झालीच तर तो नोड, त्याचा नवा जोडीदार आणि वरचा नोड, एवढीच पेज बदलतात. वरचाही भरलेला असेल तरच काम आणखी वर जातं, आणि तेही तीन पातळ्यांच्या आतच संपतं.

शेवटी एक मुद्दा घाला: आकडे क्रमात असतात, म्हणून `BETWEEN` आणि `ORDER BY` ला हाच इंडेक्स चालतो. हॅश इंडेक्सला नेमका एक नंबर शोधता येतो, पण '5000 ते 6000 नंबरची बिलं' मागितली तर त्याला क्रमच माहीत नसतो. प्रत्यक्षात डेटाबेस बहुतेक बी प्लस प्रकार वापरतात, कारण त्यात लीफ एकमेकांना जोडलेले असतात आणि अशी पट्टी सलग वाचता येते. मायएसक्यूएलमध्ये `SHOW INDEX FROM` आणि पुढे टेबलचं नाव दिलं की `Index_type` खाली `BTREE` असंच दिसतं. ते पाहून गोंधळू नका, आणि प्रश्नात ज्या झाडाचं नाव आहे त्याच झाडाचा फोडीचा नियम वापरा.

त्या मुलीने परवा वरचाच 17 आकड्यांचा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा सोडवला. 55 पाशी थांबली, सहा लीफ ओळीने मांडले, 45 वर पेन्सिल ठेवली आणि 35, 40 ला 30 च्या उजवीकडे जोडलं.